सकाळी जिवंत आणली, संध्याकाळी वास मारते: चिंबोरी आणि कोळंबी नेमकी कुठे बिघडते

माझं माहेर पुण्याचं आणि सासर उरणचं. लग्नानंतर पहिली दोन वर्षं मी इतक्या चिंबोऱ्या वाया घालवल्या, की सासूबाईंनी मला बाजाराला एकटीला पाठवणं बंद केलं होतं. आता वीस वर्षांनी पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे फोन मलाच येतात. फोन बहुतेक रविवारी संध्याकाळी येतो आणि तक्रार ठरलेली असते: "जिवंत बघून आणल्या होत्या गं, आणि आता उघडल्या तर वास!" तीच तक्रार, त्याच तीन-चार चुका. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

मालवणकडची मंडळी चिंबोरीला कुर्ली म्हणतात आणि कोळंबीला सुंगटं. मी उरणची सवय म्हणून चिंबोरी आणि कोळंबीच लिहिते. चिंबोरी म्हणजे इथे खाडीतल्या चिखलातली, हिरवट-काळसर, जाड डेंग्यांची. समुद्रातल्या ठिपकेवाल्या खेकड्यांना बाकी सगळं लागू पडतं, पण ते पाण्याबाहेर फार टिकत नाहीत, त्यामुळे बाजारात बहुधा मेलेलेच दिसतात.

लक्षणं

यातलं तुमचं कोणतं, ते आधी ठरवा.

- कवच उघडताना किंवा कालवण उकळताना मुतारीसारखा, नाकात झोंबणारा वास येतो.
- चिंबोरीचं मांस धाग्यांसारखं सुटत नाही. लगदा होऊन कवचाला चिकटतं किंवा पाण्यासारखं ओघळतं.
- कोळंबी धुताना डोकी आपोआप गळतात, मानेजवळ काळी कड दिसते, मांस दाबलं तर दबलेलंच राहतं.
- वास काहीच नाही, पण चिंबोरी आतून रिकामी. नुसतं पाणी निघालं.
- खाल्ल्यावर कुणाला तरी त्रास झाला.

चौथं लक्षण बिघाडाचं नाही, निवडीचं आहे. त्याचा उपाय वेगळा, तो खाली येईल. पाचवं असेल तर मधलं काही वाचत बसू नका, थेट शेवटच्या भागाकडे जा.

मेल्यावर एवढ्या लवकर का सडतं

हे कळलं की पुढची प्रत्येक तपासणी का करायची ते आपोआप कळतं, म्हणून जरा थांबून सांगते.

चिंबोरीचं कवच उघडलं की मध्यभागी पिवळट-तपकिरी, मऊ गोळा दिसतो. ती तिची पाचक ग्रंथी. आपल्या पोटात यकृत आणि स्वादुपिंड दोघं मिळून जे करतात, ते काम ही एकटी करते, त्यामुळे तिच्यातले पाचक रस फार तीव्र असतात. जीव आहे तोवर ते आपल्या जागी राहतात. जीव गेला की ग्रंथी फुटायला लागते, रस बाहेर झिरपतो आणि शेजारच्या मांसालाच पचवायला घेतो. लगदा होतो तो यामुळे. त्याला जंतूंची गरजही लागत नाही.

जंतू लगेच मागून येतातच. चिंबोरीच्या अंगात आपल्यासारख्या शेवटपर्यंत बंद रक्तवाहिन्या नसतात. तिचं रक्त मांसाच्या फटींतून मोकळं वाहतं. त्यामुळे आतड्यातले आणि कल्ल्यांतले जंतू अंगभर पसरायला वेळ लागत नाही. वर हे जंतू आपल्याच उबदार खाडीतले. बाजारातली तिशीच्या आसपासची उष्णता म्हणजे त्यांचं घरचंच हवामान. खाऱ्या कोमट पाण्यात राहणारे व्हिब्रिओ जातीचे जंतू तर अशा उष्णतेत अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होऊ शकतात.

आणि खायला काय मिळतं त्यांना? चिंबोरी-कोळंबीच्या मांसाला जी गोडी असते, ती त्यात मोकळ्या फिरणाऱ्या अमिनो आम्लांची असते. आपण ज्या गोडीसाठी एवढे पैसे मोजतो, तीच जंतूंना आयती वाढलेली असते. तिचं विघटन झालं की अमोनिया सुटतो. मुतारीचा वास म्हणजे हा अमोनिया.

कोळंबीचं शरीरशास्त्र हेच. तिची पाचक ग्रंथी डोक्यात असते, म्हणून मान आधी सैल पडते आणि डोकं गळतं. फरक एकच. चिंबोरी पाण्याबाहेर, ओलसर जागेत दोन-तीन दिवस जगू शकते. कोळंबी जाळ्यातून बाहेर आली की थोड्या वेळातच मरते. म्हणजे बाजारात आपण चिंबोरी जिवंत घेतो आणि कोळंबी मेलेली घेतो, अगदी ताजी असली तरी. म्हणून दोघींचे नियम उलटे आहेत: चिंबोरीला शेवटपर्यंत जीव हवा, कोळंबीला पहिल्या क्षणापासून बर्फ हवा. मला येणाऱ्या निम्म्याहून जास्त फोनांत या दोन नियमांची अदलाबदल झालेली असते.

तपासणी पहिली: घड्याळ (खर्च शून्य)

बाजारवाल्याला शिव्या देण्याआधी कागदावर लिहून काढा: किती वाजता घेतलं, कशात घातलं, घरी किती वाजता आलं, मग कुठे ठेवलं, चुलीवर केव्हा गेलं. माझ्या धाकट्या नणंदेकडे सलग तीन रविवार हाच घोळ झाला, तेव्हा मी तिला फोनवर हेच विचारलं. तिचा हिशोब असा निघाला.

सकाळी नऊला सहा चिंबोऱ्या घेतल्या, साधारण दीड किलो. सुतळीने बांधलेल्या, चळवळ्या. विकणाऱ्याने "ताज्या राहतील" म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत खाली-वर बर्फाचा चुरा घातला आणि गाठ मारली. अर्धा किलो कोळंबी घेतली, ती मात्र "आत्ताच गाडी उतरलीय, बर्फ कशाला" म्हणून कोरडीच दिली. दोन्ही पिशव्या स्कूटरच्या डिकीत. वाटेत चुलत सासूबाईंकडे चहा झाला. साडेअकराला घरी. चिंबोऱ्या बादलीभर नळाच्या पाण्यात सोडल्या, "बिचाऱ्यांना पाणी हवं" म्हणून. कोळंबी सिंकमध्ये. जेवण झालं, झोप झाली, पाचला बादली बघितली तर चार निपचित. सातला कालवण उकळलं आणि घरभर वास.

"वहिनी, बाजारच बदलते आता," ती म्हणाली. बाजारात काही बिघडलंच नव्हतं. माल चांगला होता, घरी येईपर्यंत आणि घरी आल्यावर तो मारला गेला.

प्रत्येक पायरीला काय झालं ते बघा. बर्फ वितळून गोडं पाणी चिंबोरीच्या कल्ल्यांवर, वरून गारठा, आणि गाठ मारलेल्या पिशवीत हवा नाही. उरलीसुरली कसर बादलीने भरून काढली. साचलेल्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू अगदी थोडा असतो. सहा चिंबोऱ्या तो तासाभरात संपवतात आणि स्वतःच्या मलमूत्रात बुडून बसतात. ओल्या गोणपाटात याच चिंबोऱ्या कल्ले ओले ठेवून हवेतला प्राणवायू घेत मजेत राहिल्या असत्या. पाण्यात राहणारा जीव पाण्यात गुदमरला, हे लोकांना पटतच नाही. आणि कोळंबी, जी खरी बर्फात हवी होती, ती सकाळी नऊपासून उन्हात तापलेल्या डिकीत आणि मग सिंकमध्ये.

तुमचा कागद असाच निघाला, तर पुढच्या दोन तपासण्या बाजूला ठेवून थेट घरी नेण्याच्या भागावर जा. कागद स्वच्छ असेल, म्हणजे घेतल्यावर दोन-तीन तासांत रांधलंत तरी वास आला, तर चूक निवडीत आहे.

तपासणी दुसरी: चिंबोरी जिवंत आहे म्हणजे किती जिवंत

बांधलेली चिंबोरी हलत नाही, म्हणून लोक पाय हलला की खूश होतात. पण विकणारीने पाटी हलवली तर मेलेलीचाही पाय हलतो. मी बघते ते हे.

आधी डोळे. देठांवरच्या डोळ्याजवळ बोट किंवा काडी नेली की जिवंत चिंबोरी डोळा चटकन खोबणीत ओढून घेते. हळू ओढला तर ती थकलेली आहे. ओढलाच नाही तर घेऊ नका. ही सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत खात्रीची खूण, कारण डोळा काही पाटीच्या धक्क्याने आत जात नाही.

मग तोंड. तोंडाशी बारीक झडपा असतात, त्या सतत हलत असतात, कधी फेसही येतो. फेस बघून काहीजण चिंबोरी नाकारतात. उगाच. कल्ल्यांतलं उरलेलं पाणी ती हवेत खेळवते, त्याचा तो फेस.

मग मागून धरून उचला. मागून म्हणजे शेवटच्या, वल्ह्यासारख्या चपट्या पायांच्या मधे, तिथे डेंगे पोचत नाहीत. उचलल्यावर पाय अंगाशी ओढलेले असले पाहिजेत. एक पाय हलकेच बाहेर ताणून सोडा, तो परत जागेवर गेला पाहिजे. पाय लोंबत असतील तर जीव गेलाय किंवा जायच्या बेतात आहे. एखादा पाय तुटलेला असला तर लगेच नाकारू नका, चिंबोरी स्वतःहूनही पाय सोडते आणि ती जागा आपोआप बंद होते. पण डेंगा मुळातून मोडलेला आणि जखमेतून पाणी गळतंय असं दिसलं तर सोडा. ती संध्याकाळ बघणार नाही.

शेवटी नाक. उलटी धरून पोटाकडच्या बाजूने वास घ्या. चिखलाचा, खाडीचा वास चालतो. मुतारीची नुसती झाक आली तरी नको.

विकणारी म्हणेल, "गारठलीय गो बाय, घरी गेली की चालंल." कधी कधी ते खरंही असतं, पहाटेच्या गाडीतून बर्फाशेजारी आलेली चिंबोरी सुस्त असते. मी भांडत नाही. म्हणते, "मावशी, ही बाजूला सावलीत ठेव, मी कोथिंबीर घेऊन येते." दहा-पंधरा मिनिटांनी डोळा आत घेतला तर गारठलेली होती. नाही घेतला तर नव्हती.

मेलेली निम्म्या भावात मिळते, तीही "आत्ताच गेली" म्हणून. आत्ताच म्हणजे केव्हा, हे कुणालाच ठाऊक नसतं, तिलाही नाही. मग लोक विचारतात, आपण मारतो तेव्हाही ती मरतेच की, फरक काय? फरक असा, की आपण मारली की दुसऱ्या मिनिटाला कवच, कल्ले आणि ती पाचक ग्रंथी वेगळी होते आणि बाकीचं चुलीवर जातं. पाटीत मेलेली चिंबोरी मात्र आपली ग्रंथी पोटात घेऊन तशीच उबेत बसलेली असते. म्हणून माझा नियम एवढाच: मेल्याची वेळ माहीत नसेल तर ती चिंबोरी खायची नाही.

मधेच: भरलेली की पोकळ

हे चौथ्या लक्षणाचं. चिंबोरी वाढताना जुनं कवच टाकते आणि नवं कवच मोठ्या मापाचं बनवते. काही काळ आत मांस कमी आणि पाणी जास्त असतं. आमच्याकडे म्हणतात अमावस्येला भरलेली, पौर्णिमेला पोकळ. मी पंचांग बघून बाजारात जात नाही, अंगठा वापरते. उलटी धरून शेवटच्या पायाजवळ पोटाकडचं कवच दाबायचं. पुठ्ठ्यासारखं दबलं तर पोकळ, दगडासारखं घट्ट असेल तर भरलेली. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागली पाहिजे. चकचकीत, कोऱ्या कवचाची सुंदर चिंबोरी बहुधा पोकळ निघते. मळकट, डेंग्यांचे दात झिजलेली, क्वचित अंगावर शंख चिकटलेली चिंबोरी बरेच दिवस त्याच कवचात आहे, म्हणजे आत भरलेली आहे.

लाख, म्हणजे कवचाच्या आतली अंडी, हवी असेल तर मादी बघा, पोटाखालची घडी रुंद, गोलसर असते. नराची अरुंद, टोकदार. डेंग्यांतलं मांस हवं असेल तर नर घ्या. घडीखाली बाहेरच अंड्यांचा स्पंजासारखा गोळा दिसला तर ती लाख नव्हे. ती मादी परत खाडीत जायला हवी होती, मी घेत नाही.

तपासणी तिसरी: कोळंबी

उड्या मारणारी कोळंबी मला आयुष्यात तीन-चारदाच मिळाली, तीही खाडीकाठी पाग टाकणाऱ्याच्या हातून. तशी मिळाली तर तपासायचं काही नाही. अंग काचेसारखं आरपार दिसतं, मिशा आणि पोटाखालचे पाय हलत असतात. एकच करायचं, तिथल्या तिथे बर्फात टाकायची.

बाकी वेळी आपण विचारतो ते "जिवंत आहे का" नव्हे, "मेल्यापासून थंड आहे का". म्हणून मी आधी कोळंबीकडे नाही, तिच्या खालच्या पाटीकडे बघते. बर्फ कोळंबीच्या खाली आणि मधे आहे, की नुसता वर शोभेला शिंपडलाय? हात खाली घालून तळातली कोळंबी काढायची. ती बोटाला बर्फाइतकी गार लागली पाहिजे. वरची कोळंबी ताजी आणि तळातली कोमट असा वाटा नेहमीच मिळतो.

मग डोकं. डोकं धडाला घट्ट चिकटलेलं हवं, मानेला पिवळट-काळा रस सुटलेला नको. म्हणूनच कोळंबी डोक्यासकट घ्यावी. सोललेली घेतली की तपासायच्या सगळ्या खुणा विकणारीच्या टोपलीत राहतात आणि आपल्या हाती नुसतं पांढरं मांस येतं.

काळ्या डागांबद्दल लोकांचा गोंधळ असतो. कापलेलं सफरचंद काळं पडतं, तसंच हे: कोळंबीतलंच एक विकर हवेशी संगनमत करून कवचाखाली काळा रंग बनवतं. तो रंग विषारी नाही. पण तो यायला वेळ लागतो आणि बर्फ कमी पडला की लवकर येतो, म्हणून तो तारखेच्या शिक्क्यासारखा वाचायचा. डोक्याच्या कडेला थोडासा असेल, पण मांस घट्ट आणि वास स्वच्छ असेल, तर मी घेते आणि भाव पाडून घेते. शेपटापर्यंत पट्टे गेले असतील तर नाही. उलटंही लक्षात ठेवा: डागच नाही म्हणजे ताजी, असं नसतं. डाग पडू नयेत म्हणून कोळंबीला सल्फाइटचं पाणी देतात. घरात दम्याचं माणूस असेल आणि कोळंबीनंतर छाती भरून येत असेल, तर हे डॉक्टरांच्या कानावर घाला.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद असतात. त्या दिवसांत दिसणारी मोठी कोळंबी बहुतेक तळ्यातली किंवा शीतगृहातली असते. ती वाईट नसते, तळ्यातली तर कधी कधी जास्त ताजी असते. फक्त "समुद्राची, आजची" म्हणून जादा पैसे देऊ नका.

तपासणी चौथी: बाजार ते चूल

इथे थोडा खर्च आहे: एक गोणपाट, एक पसरट टोपली आणि झाकणाचा एक थर्माकोलचा डबा.

चिंबोऱ्या ओल्या गोणपाटात, टोपलीत, सावलीत. वरून आणखी एक ओलं फडकं. पिशवीला गाठ नाही, बर्फ नाही, बादली नाही. सुतळी रांधेपर्यंत सोडायची नाही, नाहीतर त्या एकमेकींचे पाय मोडतात, मोडलेल्या लवकर मरतात. दर दोन-तीन तासांनी फडकं ओलं करून डोळ्यांची तपासणी करायची. फ्रिजमध्ये ठेवायच्या का, हे सगळे विचारतात. ही उष्ण पाण्यातली जात, फ्रिजच्या गारठ्यात काही तासांत मरगळते आणि रात्रभरात मरू शकते. बंद दारामागे केव्हा मेली ते कळतही नाही. म्हणून सकाळी घेतली तर दुपारी रांधा, संध्याकाळी हवी असेल तर संध्याकाळी घ्या.

बर्फाचा उपयोग चिंबोरीला फक्त शेवटी, साफ करण्याआधी. वीस ते तीस मिनिटं भरपूर बर्फाच्या पाण्यात किंवा फ्रीझरमध्ये ठेवली की ती गुंगते, हाताला चावत नाही आणि तडफडतही नाही. मग लगेच मारून साफ करायची. गुंगलेली परत बाहेर ठेवून फोनवर बोलत बसायचं नाही.

बाजारातच कापून घेणार असाल तर घ्या, त्यात कमीपणा नाही. पण त्या क्षणापासून ती चिंबोरी कोळंबीच्या पंगतीत गेली. आता तिला जीव नाही, म्हणून तिला बर्फ हवा, आणि घरी येताच चूल. "जिवंत कापून घेतली" म्हणून तीन तास पिशवीत फिरवणारे मला भेटलेत.

कोळंबीला जेवढं वजन तेवढाच बर्फ, थराथराने, डब्यात. वितळलेलं पाणी निथळायला जागा हवी. घरी आल्यावर आधी कोळंबी साफ करायची, चहा नंतर. डोकी आधी काढा, म्हणजे ती ग्रंथी गेली. मग सोला, पाठीतला काळा दोरा काढा. आज रांधायची नसेल तर डब्यात बुडेल एवढं पाणी घालून गोठवा. काढताना आदल्या रात्री खालच्या कप्प्यात ठेवा. एकदा विरघळलेली परत गोठवू नका.

माझ्या नणंदेने चौथ्या रविवारी हे सगळं केलं. सहातली एक चिंबोरी दुपारी डोळा आत घेईना, ती टाकली. एक पोकळ निघाली, कारण अंगठ्याने दाबायचं राहिलं. चार नीट होत्या, आणि कोळंबीचं कालवण तर तिच्या सासऱ्यांनी दोनदा वाढून घेतलं.

तपासणी पाचवी: उघडल्यावर

ही सगळ्यांत महागडी, कारण इथे चूक सापडली की पैसे गेलेलेच असतात. कवच काढल्यावर पाचक ग्रंथीचा गोळा घट्टसर, एका जागी दिसला पाहिजे. काळपट पाणी होऊन पसरला असेल तर ती चिंबोरी आधीच मेलेली होती. प्रत्येक चिंबोरी वेगळ्या ताटलीत उघडून हुंगा आणि मगच पातेल्यात टाका. सहांतली एक नासकी निघाली तर पाच वाचतात. एकदा रस्सा एकत्र झाला की काहीच वाचत नाही.

वास आला तर लिंबू, चिंच, कोकम लावून धुऊ नका. आंबटाने अमोनियाचा वास खरोखर जातो, आम्ल त्याला बांधून ठेवतं. पण वासच फक्त जातो. सडलेलं मांस आणि त्यात जंतूंनी सोडलेलं जे काही आहे ते तिथेच राहतं. उकळल्याने जंतू मरतात, पण त्यांनी आधीच तयार केलेली काही विषं उकळीलाही दाद देत नाहीत. आणि शिजल्यावर कवच लाल-केशरी झालं, म्हणजे चांगली होती, असंही नाही. तो रंग कवचातच असतो, उष्णतेने मोकळा होतो. कालची मेलेलीही तितकीच सुंदर लाल होते.

इथे थांबा

तीन बाजारवाऱ्या, तीन वेगळ्या विक्रेत्या, घड्याळ नीट, तरी वास येतोय? मग तुमच्या गावापर्यंत चिंबोरी जिवंत पोचतच नसेल. किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांनी बर्फातली कोळंबीच घ्यावी. एखादा विक्रेता मेलेला माल रंग किंवा औषध मारून विकतोय अशी शंका असेल, तर स्वतः प्रयोग न करता अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.

आणि खाल्ल्यानंतरचं.

ओठ-जीभ सुजली, अंगावर गांधी उठल्या, घसा आवळला, दम लागला, चक्कर आली, तर ती अॅलर्जी. तिचा ताजेपणाशी संबंध नाही, ती पहिल्या घासानंतर काही मिनिटांतही येते. हळद-दूध, ओवा काही नको. श्वासाला त्रास होत असेल तर तत्काळ १०८ ला फोन करा. अशा माणसाला पुन्हा "थोडीशी खाऊन बघ" म्हणू नका, ज्या प्रथिनाने ती होते ते शिजवूनही मोडत नाही.

उलट्या-जुलाब बहुधा दिवसभरात सुरू होतात. ओआरएसचं पाणी घोट घोट पाजत राहा. शौचात रक्त, ताप, पाणीही पोटात ठरत नाही, लघवी कमी झाली, किंवा माणूस लहान मूल, वयस्कर, गरोदर, यकृताचा रुग्ण असेल, तर सकाळपर्यंत वाट बघू नका. काय खाल्लं आणि किती वाजता, ते डॉक्टरांना सांगा.

डेंगा चावून किंवा काटा लागून झालेली जखम साबणाने वाहत्या पाण्यात धुवा. ती काही तासांत लाल होऊन सुजत वर चढायला लागली, फोड आले किंवा ताप भरला, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात जा. मधुमेह किंवा यकृताचा आजार असेल तर जखम किरकोळ दिसली तरी दाखवा. तिथे पोचल्यावर नुसतं "हाताला लागलं" म्हणू नका. "खाडीची चिंबोरी साफ करताना लागलं" असं सांगा, म्हणजे डॉक्टर औषध त्या हिशोबाने निवडतील.